बिनसाखरेचं दूध

आषाढ-श्रावणात दिवाळी अंकासाठी आलेल्या रहस्यकथा वाचायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. कथेसोबत लेखकाचं पत्र असतं आणि त्यात बहुतेक वेळा एक वाक्य ठरलेलं असतं: ‘शेवटपर्यंत गुन्हेगार कोण ते कळणार नाही, याची खात्री देतो.’ ही खात्री बहुतेक वेळा खरी ठरते, आणि त्यातल्या बऱ्याच कथा मी नेमक्या त्याच कारणासाठी बाजूला ठेवतो. गुन्हेगार कळत नाही, कारण तो कळावा असं काही कथेत ठेवलेलंच नसतं. अकरा पानं आपण एका घरात वावरतो आणि बाराव्या पानावर बाहेरून एक माणूस, एक पत्र किंवा एक अहवाल येतो आणि सगळं सांगून टाकतो.

वेब सिरीजबद्दल बोलतानाही आपण हेच वाक्य कौतुक म्हणून वापरतो. ‘शेवटपर्यंत कळलं नाही’ म्हटलं की मालिका चांगली. हे माप चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याने आपल्याकडच्या रहस्यकथेचं नुकसान होतं आहे. न कळणं फार सोपं असतं. मी माझ्या खिशात काय आहे ते तुम्हाला सांगितलं नाही, तर तुम्हाला ते कधीच कळणार नाही. त्यात माझं कसब काहीच नाही. कसब आहे ते वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवून ती तुम्हाला दिसू न देण्यात. उलगडा झाल्यावर वाचकाने मागची पानं उलटावीत, ती ओळ सापडावी आणि ‘अरे, हे तर इथेच होतं’ म्हणून त्याने कपाळावर हात मारावा, तेव्हा तो उलगडा लेखकाने कमावलेला असतो.

ही मागणी नवी नाही. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, 1929 साली अशा कथांसाठी दहा नियम लिहिले. त्यातला आठवा असा की गुप्तहेराला जो दुवा सापडेल तो त्याच क्षणी वाचकालाही दाखवला पाहिजे. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला आणि त्याच्या सभासदांना शपथ घ्यावी लागे. महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवून ठेवणार नाही, हा त्या शपथेचा एक भाग होता. मात्र नियम नुसतं ‘दाखवा’ म्हणतो. दाखवूनही तो झाकायचा कसा, हे त्यात नाही, आणि नव्या लेखकाचं अडतं ते नेमकं तिथे.

याचं उत्तर मला सगळ्यात स्वच्छ सापडतं ते नॉक्सच्या नियमांच्याही सदतीस वर्षं आधीच्या एका कथेत. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘सिल्व्हर ब्लेझ’ डिसेंबर 1892 मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आली. पुढे मी तिचा शेवट सांगणार आहे, कारण तो सांगितल्याशिवाय तिची बांधणी दाखवता येत नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचून यावं; तासाभराचंही काम नाही.

गोष्ट डार्टमूरच्या माळरानावरच्या एका तबेल्याची. शर्यतीच्या तोंडावर सिल्व्हर ब्लेझ हा नावाजलेला घोडा रात्रीतून नाहीसा होतो आणि त्याला तयार करणारा जॉन स्ट्रेकर तबेल्यापासून पाव मैलावर डोकं फुटलेल्या अवस्थेत मेलेला सापडतो. त्या संध्याकाळी सिम्पसन नावाचा एक सट्टेबाज तबेल्याच्या खिडकीशी घुटमळत होता, म्हणून पोलिसांनी त्याला धरलेलं आहे. पहाऱ्यावरच्या पोराच्या जेवणात अफू होती, त्यामुळे तो रात्रभर बेशुद्ध पडला होता. शेवट असा की घोडा बाहेर काढला तो स्ट्रेकरनेच. पायाची शीर बारीकशी कापून घोडा किंचित लंगडा करायचा आणि त्याच्या विरुद्ध पैसे लावून कमवायचं, हा त्याचा बेत होता. घोड्याने लाथ झाडली आणि तो मेला.

आता ही माहिती कुठे आणि कशी पेरली आहे ते पाहा. पहिला दुवा आहे मटणाच्या रश्श्याचा. होम्स आगगाडीत वॉटसनला सगळी हकीकत सांगतो, तेव्हाच तो येऊन जातो. मोलकरीण पहाऱ्यावरच्या पोराचं जेवण घेऊन चालली आहे, जेवण म्हणजे मसालेदार मटण, आणि वाटेत सिम्पसन तिला गाठतो. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मटणाचं काम तिथेच झालेलं असतं: अफू कशात घातली ते कळलं, आणि ती घालायची संधी सिम्पसनला मिळाली होती हेही कळलं. डोक्यातला ‘मटण’ हा कप्पा भरला आणि बंद झाला. शेवटी होम्स तोच कप्पा दुसऱ्या बाजूने उघडतो. अफूच्या भुकटीला चव असते आणि मसाल्यात ती लपते. मग त्या रात्री नेमकं मसालेदार जेवण करायचं हे कोणी ठरवलं? बाहेरून आलेला सिम्पसन स्ट्रेकरच्या घरात काय शिजावं ते ठरवू शकत नाही. ते घरातलाच माणूस ठरवू शकतो.

एकच ताट, पण त्याचे दोन अर्थ. पहिला अर्थ इतका पुरेसा आहे की दुसरा शोधावा असं आपल्या मनात येत नाही. माझ्या मते पेरणीचं सगळं मर्म इथे आहे. दुवा झाकायचा असेल तर त्याला अंधारात ठेवून चालत नाही, त्याला दुसरं काम द्यावं लागतं. ज्या प्रसंगात तो पहिल्यांदा येतो, त्या प्रसंगाचं काहीतरी खरं, आवश्यक काम त्याने करायला हवं. कामात गुंतलेल्या वस्तूकडे कोणी संशयाने पाहत नाही.

कुत्र्याची गोष्ट जगभर गाजली. होम्स म्हणतो, त्या रात्री कुत्र्याने जे केलं त्या विलक्षण प्रकाराकडे लक्ष द्या. इन्स्पेक्टर म्हणतो, पण कुत्र्याने तर काहीच केलं नाही. तेच विलक्षण होतं, असं होम्सचं उत्तर. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा होता. हा संवाद सगळ्यांना पाठ असतो, पण तो ज्याच्यावर उभा आहे ते वाक्य फारसं कोणाला आठवत नाही. आगगाडीतल्या त्याच हकीकतीत, सिम्पसन खिडकीशी आलेला पाहून पहारेकरी पोरगा कुत्रा सोडायला धावतो. इथे कुत्र्याचं काम आहे प्रसंगात धोका आणि धावपळ आणण्याचं. तबेल्यात कुत्रा आहे हे आपल्याला त्या धावपळीतून कळतं. माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना रात्री काहीही ऐकू आलं नाही, हेही तिथेच जवळपास सांगितलेलं आहे. कारण दिलेलं आहे की त्यांची झोप गाढ होती. कारण दिलं की प्रश्न मिटतो. डॉयल जिथे जिथे दुवा ठेवतात, तिथे तिथे शेजारी एक छोटं, पटण्याजोगं कारण ठेवतात, आणि वाचक ते घेऊन पुढे जातो.

तिसरी खूण मला सर्वांत आवडते, कारण ती गप्पांच्या रूपात येते. मेलेल्या स्ट्रेकरजवळ सापडलेल्या वस्तू टेबलावर मांडलेल्या आहेत: काड्यापेटी, मेणबत्तीचा तुकडा, पाइप, घड्याळ, काही नाणी, अगदी नाजूक पात्याचा चाकू आणि बायकांच्या कपड्यांच्या दुकानाचं एक बिल. बिल डर्बीशायर नावाच्या कोणा माणसाचं. त्यात एकाच पोशाखाचे बावीस गिनी लावलेले. इन्स्पेक्टर सांगतो की हा स्ट्रेकरचा मित्र, त्याची पत्रं कधीकधी इथे येत. पुन्हा कारण, पुन्हा कप्पा बंद. बाहेर पडताना होम्सला स्ट्रेकरची बायको भेटते आणि तो विचारतो, आपण प्लिमथला एका बागेतल्या मेजवानीत भेटलो होतो ना, तुम्ही शहामृगाची पिसं लावलेला करड्या रेशमाचा पोशाख घातला होता? ती म्हणते, असा पोशाख माझ्याकडे कधीच नव्हता. होम्स माफी मागतो. वाचकाला वाटतं, एवढा मोठा माणूसही चुकतो. प्रत्यक्षात त्याने आपल्यासमोर सिद्ध केलेलं असतं की तो महागडा पोशाख या घरात आलेला नाही. म्हणजे स्ट्रेकरचा खर्च दुसऱ्या कोणावर तरी चालला होता आणि त्याला पैशांची निकड होती. पुढे होम्स लंडनला त्या दुकानात स्ट्रेकरचा फोटो दाखवून डर्बीशायर म्हणजे तोच, याची खात्री करून घेतो. ही भेट आपल्याला दिसत नाही, शेवटी नुसती सांगितली जाते. तरी फसवल्यासारखं वाटत नाही, कारण निष्कर्षाला लागणारं सगळं आपल्यासमोर आधीच घडून गेलेलं असतं. दुकानातली भेट त्यावर शिक्का मारते, एवढंच.

या कथेत एक सांधा मला कच्चा वाटतो, तोही सांगायला हवा. तबेल्याजवळच्या कुरणातल्या काही मेंढ्या लंगड्या झाल्या होत्या, कारण स्ट्रेकरने शीर कापायचा सराव त्यांच्यावर केला होता. पण मेंढ्यांचा विषय डार्टमूर सोडून निघताना होम्सच्या प्रश्नातून पहिल्यांदा निघतो. त्याआधी त्या कुठे चरताना दिसल्या असत्या, वॉटसनच्या एखाद्या वर्णनात नुसत्या उभ्या असत्या, तर हा दुवाही बाकीच्यांच्या तोडीचा झाला असता. आता तो होम्सच्या हुशारीतून उगवल्यासारखा वाटतो. डॉयल यांनी पुढे आत्मचरित्रात कबूल केलं आहे की शर्यतीच्या व्यवहाराबद्दल या कथेत त्यांचं अज्ञान उघडं पडलं. मला त्या चुकांचा त्रास झाला नाही, मेंढ्यांचा झाला. घोडदौडीचे नियम मला माहीत नसले तरी चालतात. पण या कथेपुरतं जे जग लेखकाने मांडलं आहे, त्यात काय काय आहे हे मला वेळेवर कळायला हवं.

हे सगळं वाचून समजतं, पण लिहिताना हात कुठे घालायचा ते कळत नाही. म्हणून गेल्या वर्षी आलेल्या एका कथेवर आम्ही कसं काम केलं ते सांगतो. लेखिका नवी होती. तिच्या परवानगीने सांगतो आहे, आणि कथा यंदाच्या अंकासाठी नव्याने लिहून झालेली आहे.

वाईतला एक जुना वाडा. त्यात एकट्या राहणाऱ्या माई. कोजागरीच्या रात्री वाड्यातली बिऱ्हाडं गच्चीवर जमतात, दूध होतं, गप्पा होतात, आणि सकाळी माईंच्या पाटल्या आणि गोठ पेटीतून गेलेले असतात. पुण्याचा भाचा सकाळी पहिल्या एसटीने येतो, धावपळ करतो, पोलिसांना मदत करतो. शेवटच्या पानावर फौजदाराच्या हातात मोबाइल टॉवरचा अहवाल येतो: भाचा रात्रीच वाईत होता. कथा संपते.

पहिल्या खर्ड्यात भाषा छान होती, माई जिवंत होत्या, वाड्याचा जिना डोळ्यासमोर उभा राहत होता. पण तो अहवाल पहिल्या दिवशी मागवला असता तर कथा पाचव्या पानावर आटोपली असती. वाचकाच्या हातात शोधायला काही नव्हतं. मी लेखिकेला म्हटलं, भाचा रात्री वाड्यात होता हे त्याच्या तोंडूनच येऊ दे, आणि तो काय बोलला ते त्याला आणि आपल्याला दोघांनाही कळता कामा नये.

तिने विचार करून सुचवलं की त्या रात्री दूध खाली लागलं होतं, आणि सकाळी भाचा म्हणतो, आत्या, यंदा दूध लागलं का गं? कल्पना चांगली होती, पण तिला भोक होतं. लागलेल्या दुधाचा वास सकाळीही स्वयंपाकघरात राहतो. कोणीही आत आला की ओळखेल. दुवा पेरताना निरपराध माणसालाही ही गोष्ट कळायला दुसरी वाट आहे का, हे तपासावं लागतं. एक जरी वाट उघडी राहिली तरी हुशार वाचक शेवटी तिथून बाहेर पडतो आणि मग उलगडा त्याला पटत नाही.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. म्हणाली, ‘दूध लागलेलं नाही. दुधात साखरच नाहीये.’

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून उभं राहिलं. माई दूध आटवत असतात, साखरेचा डबा हातात घेतात आणि तेवढ्यात जिन्यावर शेजारचं पोर गडगडतं. माई धावतात, पोराच्या गुडघ्याला हळद लावतात, परत येतात आणि साखर घातली असं समजून वेलदोड्याची पूड टाकतात. चंद्राला नैवेद्य दाखवायचा असतो म्हणून चव बघायची नाही. नंतरही त्या पीत नाहीत, कारण त्यांना मधुमेह आहे. वर सगळ्यांनी पहिला घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं, आणि कोणी काही बोललं नाही. ज्या माईंचं मोजमाप कधी चुकत नाही त्यांना वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी ‘छान झालंय’ म्हणत पेले रिकामे केले. खाली उतरताना जिन्यावर एक शेजारीण दुसरीला म्हणते, माईंना सांगू नका हं. पातेलं रात्रीच घासून पालथं घातलं गेलं.

हा प्रसंग दुसऱ्या पानावर आहे. त्याचं काम काय? वाड्यातली माणसं माईंवर किती माया करतात हे दाखवणं. तो प्रसंग चोरीशी संबंध नसतानाही कथेत हवासा वाटतो. मी तर तो काढूच दिला नसता. म्हणूनच त्यात दुवा आहे असा संशय येत नाही.

दुसरा अर्धा भाग सातव्या पानावर. भाचा रिक्षातून उतरतो. दारातच हवालदार त्याला थांबवून नाव-गाव विचारतो. भाचा हताशपणे म्हणतो, ‘साहेब, मी कधीपासून सांगतोय, आत्या आता थकली. दुधात साखर घालायची आठवण राहत नाही तिला, दागिने कुठे ठेवले ते कसलं राहणार? कुठेतरी ठेवले असतील आणि विसरली असेल.’ वाड्याची विक्री आणि आत्याला पुण्याला नेणं, याबद्दल त्याने आधीही लकडा लावलेला आहे, तेव्हा वाचकाला हे वाक्य त्याच वादाचा पुढचा भाग वाटतं. कोणाला त्याचा राग येतो, कोणाला वाटतं खरंच बोलतोय बिचारा. साखरेकडे लक्ष जात नाही, कारण दुसऱ्या पानावर साखर विसरलेली आपल्याला माहीत आहे. आपल्याला माहीत आहे म्हणून त्यालाही माहीत असणार, असं आपलं मन परस्पर धरून चालतं. वाचकाच्या याच सवयीवर तो दुवा झाकला गेला आहे. कथा मला माहीत असूनही दुसऱ्यांदा वाचताना मी ते वाक्य तसंच ओलांडून गेलो.

मग वाटा बंद करायचं काम. माई स्वतः त्याला सांगू शकत नाहीत, कारण त्यांना माहीतच नाही. विसरभोळेपणा ही त्यांची नेहमीची सवय असती तर त्याने अंदाजाने म्हटलं असतं. म्हणून दुसऱ्या पानावर ‘मोजमाप कधी चुकत नाही’ हे यायलाच हवं. शेजाऱ्यांपैकी कोणी फोनवर बोललं असेल का? फौजदार चौकशीत प्रत्येकाला सहज विचारतो, रात्री-सकाळी कोणाकोणाला फोन केले. भाच्याला फोन फक्त माईंचा गेलेला असतो. आणि वाक्य दारातच बोलायला हवं, आत जाऊन चार माणसांत बसल्यावर नव्हे. लेखिकेने आधी ते चहा घेताना घातलं होतं. चहाच्या वेळी शेजारणी आजूबाजूला असतात, म्हणून आम्ही ते उंबऱ्याबाहेर आणलं. दुव्याची जागा अशी चार पावलांनी बदलली तरी तो टिकतो किंवा तुटतो.

भाच्याने ते दूध चाखलं कुठे, हा प्रश्न राहिला होता. नैवेद्याचा पितळी पेला रात्रभर गच्चीवर चांदण्यात ठेवलेला होता. सकाळी तो रिकामा सापडतो आणि सगळे म्हणतात, बोक्याने प्यायलं. चौथ्या पानावर लेखिकेने एवढंच लिहिलं आहे की पेला होता तिथेच, सरळ उभा होता. अरुंद तोंडाच्या उभ्या पेल्यातलं दूध तळापर्यंत प्यायचं तर बोका तो आधी आडवा करेल. संध्याकाळी पुण्याहून उपाशी निघालेला माणूस, सगळे झोपेपर्यंत गच्चीवरच्या खोलीत लपलेला, समोर दुधाचा पेला. त्याने एकाच घोटात साखर नाही हे ओळखलं, आणि ते वाक्य त्याच्या डोक्यात बसलं.

टॉवरचा अहवाल आम्ही काढला नाही. तो आता शेवटून दुसऱ्या पानावर आहे, फौजदाराने दुधावरून ताडल्यानंतर मागवलेला. नुसत्या साखरेवर कोर्टात काही उभं राहणार नाही, तेव्हा पुरावा हवाच. पण तो लंडनच्या दुकानातल्या फोटोसारखा आहे: आधी कळलेलं पक्कं करणारा.

दोन अर्ध्या भागांत पाच पानांचं अंतर का, असं लेखिकेने विचारलं होतं. तिने प्रथम दोन्ही एकाच पानावर घातले होते आणि ते पाहताक्षणी जुळत होते. दहाव्या पानावर नेलं असतं तर साखर विसरून गेली असती. बारा पानांच्या कथेत पाच पानं बरोबर बसली. मोठ्या कादंबरीत मध्ये एकदा आठवण द्यावी लागेल, तीही दुसऱ्याच निमित्ताने.

खर्डा आम्ही तिघांना वाचायला दिला, शेवटची दोन पानं काढून. पहिला प्रश्न: कोण? एकीने भाचा ओळखला, पण साखरेवरून नव्हे, ‘तोच असतो नेहमी’ म्हणून. मग उरलेली पानं दिली आणि दुसरा प्रश्न विचारला: तुम्हाला कुठे कळायला हवं होतं? तिघांनीही मागे जाऊन हवालदाराशी बोलण्याचं पान काढलं, आणि एकाने पेल्याचंही. माझ्या लेखी खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नाची आहे. पहिल्या खर्ड्यावर तो विचारला असता तर बोट ठेवायला एकही जागा नव्हती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी गांभीर्याने घेतो. सराईत वाचक दुवा पकडेल आणि त्याची मजा जाईल, असं लेखकांना वाटतं. दहातला एक पकडेलच. पण त्याची मजा जात नाही, त्याची मजा वेगळी असते. आपण पकडलं याचा आनंद घेऊन तो शेवटपर्यंत वाचतो. मजा जाते ती उरलेल्या नऊ जणांची, जेव्हा त्या एकाला चकवण्यासाठी लेखक दुवाच काढून टाकतो. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक कथेला हा नियम कशाला? खरं आहे. मराठीत आपण रहस्यकथा आणि गूढकथा असे दोन वेगळे शब्द वापरतो, आणि ते नेमके आहेत. गूढकथेत बंद खोलीतून रडणं का ऐकू येत होतं याचं उत्तर मिळालं नाही तरी चालतं, काही वेळा न मिळणंच योग्य. रहस्यकथा मात्र उत्तर देण्याचा शब्द देऊन सुरू होते.

दैनंदिन मालिकांची अडचण मी समजू शकतो. आठवड्याच्या आकड्यांवर कथानक वळतं, तेव्हा गुन्हेगार कोण हे पेरणीच्या वेळी लेखकालाच माहीत नसतं. पण आठ-दहा भागांची सिरीज आधी पूर्ण लिहिलेली असते, तिला ही सवलत नाही. तिथे मला सर्वांत खटकतो तो शेवटच्या भागातला फ्लॅशबॅक, ज्यात आपण कधीच न पाहिलेला प्रसंग दाखवून खुलासा केला जातो. फ्लॅशबॅकमध्ये तेच दृश्य पुन्हा दिसायला हवं, जे आपण दुसऱ्या भागात पाहिलं होतं आणि वेगळं समजलो होतो. नवं दृश्य आलं, की समजावं पेरणी झालेलीच नव्हती. याच्या उलट चूकही होते: दुसऱ्या भागात कॅमेरा एखाद्या कपावर तीन सेकंद थांबतो आणि कपाला प्रसंगात दुसरं काहीच काम नसतं. तो कप घरातल्या लहान मुलालाही कळतो.

परीक्षकांना, संपादकांना आणि समीक्षा लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ‘कळलं नाही’ यावर गुण देणं थांबवावं आणि ‘कुठे कळायला हवं होतं’ ते विचारावं. लेखक आपण ज्याला दाद देतो तेच लिहितात.

वाईच्या कथेत शेवटी एक गोष्ट झाली, जी आम्ही दोघांनी ठरवली नव्हती. फौजदार उलगडा करतो तेव्हा वाड्यातले सगळे चौकात जमलेले असतात आणि माईही असतात. साखरेचं त्यांना तिथेच पहिल्यांदा कळतं. लेखिकेने लिहिलं आहे की भाच्याला घेऊन गेले तेव्हा माई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या शेजारणीकडे वळून म्हणाल्या, ‘आणि तुम्ही सगळ्यांनी ते तसंच प्यायलंत?’